ओढ्यातल्या किड्यांची साक्ष



आमच्या क्षेत्र-अहवालात ‘वरचा टप्पा 6.75, खालचा टप्पा 3’ असे आकडे पाहून काहींनी विचारले, हे काय मोजले? हे ओढ्यातल्या किड्यांचे गुण आहेत.

पाण्याचा नमुना बाटलीत भरला तर त्या घटकेचे पाणी कळते. रात्री सांडपाणी येऊन सकाळपर्यंत वाहून गेले असेल, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. दगडाखालचे किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतात. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांची कल्ल्यांनी श्वास घेणारी नाजूक पिल्ले आधी नाहीशी होतात. चिखलातली लाल अळी टिकते, कारण तिच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते.

ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाअखेरीस या किड्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण ठरवले गेले. नाजूक कुळाला जास्त, चिवटाला कमी. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची आणि कुळांच्या संख्येने भागायचे. एका कुळाची हजार पिल्ले सापडली तरी गुण एकदाच.

डिसेंबरात आम्ही पाड्यावरच्या ओढ्यात खळाळत्या जागी जाळी धरली आणि तिच्या वरच्या बाजूचे दगड तीन मिनिटे पायाने ढवळले. किडे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून निवडले. वर आठ कुळे मिळाली: चपट्या मेफ्लायसह दहा गुणांची तीन, चतुराचे पिल्लू 8, जाळे विणणारी कॅडिस अळी 5, पाणभुंगा 5, साधी मेफ्लाय 4 आणि लाल अळी 2. बेरीज 54, सरासरी 6.75.

खाली, जिथे बाया झरा उकरून पाणी भरतात, तिथे पाचच कुळे: कॅडिस 5, साधी मेफ्लाय 4, गोगलगाय 3, लाल अळी 2, गांडुळासारखा किडा 1. बेरीज 15, सरासरी 3.

मधे एका वसतिगृहाच्या न्हाणीघराचा नाला ओढ्याला मिळतो. पण दोनच टप्प्यांवरून नाल्याला दोष देणे घाईचे झाले असते. वाटेत गुरेही धुतात. म्हणून दुसऱ्या दिवशी नाल्याच्या जरा वर, गुरांच्या जागेच्या खाली, तिसऱ्यांदा जाळी लावली. सहा कुळे, बेरीज 34, सरासरी 5.7. म्हणजे थोडी घसरण गुरांची, मोठी नाल्याची.

तिन्ही जागा सारख्याच निवडल्या, सगळीकडे गोटे आणि खळाळ. एका जागी डोह असता तर स्वच्छ पाण्यातही गुण घटले असते. पावसाळ्यात पूर किडे वाहून नेतो, तेव्हाचे आकडे फसवे. शिवाय हे गुण ब्रिटनच्या किड्यांवर बेतलेले. आपल्या ओढ्यांत वरखाली तुलना करायला चालतात, पण 6.75 म्हणजे पाणी ‘उत्तम’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट अहवालात ठळक लिहिली आहे: किड्यांवरून जुलाबाचे जंतू कळत नाहीत. वरच्या टप्प्याचेही पाणी उकळूनच प्यावे असे आम्ही बायांना सांगितले. झऱ्याच्या पाण्याची जंतुतपासणी करायला दिली आहे. नाल्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे असे वसतिगृहाला कळवले असून पुढच्या डिसेंबरात त्याच तीन जागी पुन्हा जाळी लावू.