बुधवारी रात्री की गुरुवारी? बायोडाटा उतरवून घेताना

वधू-वर सूचक मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर येणारे बायोडाटे बहुतेक वेळा फोटोच असतात. वर गणपती, कडेने नक्षी आणि मधे माहितीच्या ओळी. दिसायला छान, पण ‘पुण्यात नोकरी असलेली मुलं’ शोधायची म्हटलं तर फोटो काही शोधून देत नाही. म्हणून मंडळातलं कुणीतरी तो मजकूर नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, वडील, मामा अशा रकान्यांत उतरवतं. या कामात सर्वांत महागात पडते ती ‘सुधारणा’.

समजा, एका बायोडाट्यात लिहिलंय : जन्मतारीख ०५/०६/१९९७, बुधवार, रात्री १२.२०. उतरवणारा कॅलेंडर बघतो. ५ जून १९९७ ला गुरुवार होता. घरच्यांची चूक झाली असं समजून तो बुधवार खोडून गुरुवार करतो. पण चूक झालेलीच नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्री. बुधवारी मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी बाळ जन्मलं, तर तारीख ५ लागते आणि वार बुधवारच राहतो.

इथे ‘बुधवार’ हा शब्द फार मोलाचा आहे. ‘५ तारीख, रात्री १२.२०’ एवढंच असेल तर दोन अर्थ निघतात : ४ आणि ५ च्या मधली रात्र, किंवा ५ आणि ६ च्या मधली. कित्येक घरांत रात्रीचा जन्म त्या दिवसाच्याच तारखेला धरतात. बुधवार लिहिलेला असल्याने पहिला अर्थ पक्का होतो. तो पुसून गुरुवार केला की दोन्ही अर्थ पुन्हा शक्य होतात. फरक चोवीस तासांचा पडतो, आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो. गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावरच होतं, तेव्हा पुढचं सगळं गणित दुसऱ्याच पत्रिकेचं होऊन बसतं.

म्हणून तारीख, वार आणि वेळ असे तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि प्रत्येकात फोटोतला मजकूर जसाच्या तसा भरावा. ‘पहाटे’, ‘रात्री’ हे शब्दही सोडू नयेत. आपल्याला काही खटकलं तर त्यासाठी शेवटी ‘शेरा’ हा रकाना असू द्यावा.

कुटुंबाच्या माहितीतही हेच. वडिलांच्या नावाआधीचं ‘कै.’ गळलं की गेलेला माणूस यादीत हयात होतो. ‘बहीण : दोन (एक विवाहित)’ याचं ‘एक विवाहित, एक अविवाहित’ करू नये, दुसरीबद्दल घरच्यांनी काहीच लिहिलेलं नाही. भावाचा उल्लेखच नसेल तर ‘नाही’ असं न भरता ‘लिहिलेलं नाही’ असं भरावं. ‘मूळ गाव’ आणि ‘आजोळ’ एका रकान्यात कोंबू नयेत. आडनाव ‘जहागिरदार’ असं ऱ्हस्व लिहिलं असेल तर ते तसंच ठेवावं.

गुगल लेन्ससारख्या सोयीने फोटोतला मजकूर उचलता येतो, पण दोन रकान्यांचा बायोडाटा कधी कधी उभा वाचला जातो : आधी ‘वडील, नोकरी, आई’ ही सगळी शीर्षकं, मग सगळी उत्तरं. त्यात वडिलांच्या नोकरीची माहिती दोन ओळींची असेल तर पुढचं सगळं एक घर खाली सरकतं आणि आईच्या नावापुढे वडिलांचं ऑफिस येतं. शीर्षकं जास्त आणि उत्तरं कमी, किंवा उलट, दिसलं की घोळ झाला हे ओळखावं. अक्षर पुसट असेल तर १ आणि ९ यांचीही गल्लत होते.

शेवटचा सापळा एक्सेलमध्ये असतो. इंग्रजी आकड्यांत वेळ 7.10 टाइप केली की पडद्यावर 7.1 उरतं. पाच फूट दहा इंच उंची 5.10 अशी लिहिली की 5.1 होते, म्हणजे मुलगा नऊ इंचांनी बुटका. 05/06/1997 ही तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ६ मे समजली जाऊ शकते. माहिती भरण्याआधीच हे रकाने निवडून त्यांचा प्रकार Text ठेवावा. नंतर बदलून गेलेलं शून्य परत येत नाही.

तपासायला दोघं बसावेत. एकाने फोटो पाहून आकडे सुटे सुटे वाचावेत, दुसऱ्याने यादीवर बोट ठेवावं. जसंच्या तसं उतरवलं म्हणजे बायोडाटा बरोबरच आहे असं नाही. घरच्यांकडूनही चूक होते. तशी शंका आली तर शेऱ्यात नोंद करून त्यांना फोन करावा आणि नेमकं विचारावं : जन्म बुधवारी रात्री झोपायच्या वेळेनंतरचा की गुरुवारी? त्यांनी सांगितल्यावर यादीत बदल करावा, आणि कुणी, कधी सांगितलं तेही शेऱ्यात लिहून ठेवावं.