उक्ते द्यावे की तासावर?

सोलापुरात औषधांचा एक घाऊक वितरक आहे असे समजू. बारा सेल्समन, सहाशेच्या आसपास मेडिकल दुकाने, बिले टॅलीवर. सेल्समन अजूनही वहीत ऑर्डर लिहून आणतात आणि संध्याकाळी ऑफिसातली मुले ती टॅलीत चढवतात. मालकाला आता मोबाइल ॲप हवे आहे. ऑर्डर दुकानातूनच जावी, दुकानदाराची बाकी तिथल्या तिथे दिसावी, बिल आपोआप टॅलीत उतरावे आणि एक्स्पायरीच्या मालाचा परतावाही नोंदवता यावा.

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याच्यासमोर दोन प्रस्ताव ठेवले. पहिला ‘फिक्स्ड प्राइस’चा, म्हणजे सगळ्या कामाचे ठोक 9 लाख रुपये. दुसरा ‘टाइम अँड मटेरियल’चा, म्हणजे तासाला 1,200 रुपये आणि सर्व्हर, एसएमएस वगैरेचा जो काही खर्च होईल तो बिलाप्रमाणे. कामाला सुमारे 600 तास लागतील, असा अंदाज त्यासोबत दिलेला आहे. जीएसटी आणि किरकोळ खर्च सध्या बाजूला ठेवू. 600 गुणिले 1,200, म्हणजे 7 लाख 20 हजार. मालक म्हणतो, तासावरच स्वस्त पडते की! त्याचा अकाउंटंट म्हणतो, साहेब, तासांना अंत नसतो, ठोकच बरे. शेतात खुरपणी उक्ती द्यावी की रोजाने बाया लावाव्यात, यावर घरोघरी होतो तोच हा वाद.

दोघांचेही थोडे बरोबर आणि थोडे चूक आहे. 9 लाख आणि 7 लाख 20 हजार यांतला 1 लाख 80 हजारांचा फरक म्हणजे व्हेंडरचा निव्वळ नफा नव्हे. काम अंदाजापेक्षा लांबले तर तो खर्च त्याच्या अंगावर येणार असतो. म्हणून 600 तासांच्या खर्चावर त्याने चौथा हिस्सा वाढवून ठेवला आहे. एका अर्थी हा विम्याचा हप्ता आहे. तासावर काम दिले तर हा हप्ता वाचतो, पण जोखीम मालकाकडे येते. तेव्हा स्वस्त काय, हा इथे खरा प्रश्न नाही. या कामात आज न दिसणारे किती आहे आणि ते निघाले तर कोणी सोसायचे, हे आधी ठरवावे लागते.

न दिसणारे किती असू शकते? अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॅरी बोएम यांनी 1981 सालच्या आपल्या पुस्तकात याचा आलेख मांडला होता. काम नुसते कल्पनेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट असू शकतो. गरजा नेमक्या लिहून काढल्या की ही तफावत कमी होत जाते. दीड पानी ईमेल वाचून दिलेला 600 तासांचा आकडा याच सुरुवातीच्या टप्प्यातला आहे.

आता आपल्या वितरकाने 9 लाखांचा ठोक करार केला असे धरू. करारात एक ओळ आहे, ‘एक्स्पायरी परतावा नोंदवण्याची सोय’. व्हेंडरने ती सोय केली. औषधाचे नाव, बॅच नंबर, किती स्ट्रिप परत आल्या, झाले. चाचणीच्या दिवशी गोदाम सांभाळणारा माणूस विचारतो, “दहाच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या उरल्यात, ही कापलेली स्ट्रिप कशी टाकायची?” मग दुसरा प्रश्न निघतो. अमुक कंपनी मुदत संपण्याआधीच माल परत घेते, तमुक कंपनी संपल्यावरच घेते, मग क्लेम कोणत्या महिन्यात दाखवायचा? आणि दहावर एक फुकट अशा स्कीममध्ये गेलेला माल परत आला तर क्रेडिट नोट किती रुपयांची? मालकाच्या दृष्टीने हे सगळे ‘परताव्या’तच आले. हे तर धंद्यातल्या पोरालाही कळते! व्हेंडरच्या दृष्टीने यातले एकही अक्षर करारात नाही. तो ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून वेगळे बिल देतो. 110 तास, तेही 1,500 रुपये दराने, कारण आता मालकाला दुसरीकडे जाणे परवडणारे नाही. 1 लाख 65 हजार वाढले आणि 9 लाखांचे काम 10 लाख 65 हजारांवर गेले. ठोक करारात किंमत पक्की असते ती फक्त कागदावर लिहिलेल्या कामाची.

असा करार अडचणीत येणार हे बरेचदा सहीआधीच ओळखता येते. कामाच्या वर्णनात ‘सोपे’, ‘वेगवान’, ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’ असे शब्द दिसले की तिथे पुढे भांडण आहे असे समजावे. त्याजागी तपासता येईल असे वाक्य हवे. ‘सेल्समनने दहा औषधांची ऑर्डर नेटवर्क नसताना भरली, तर नेटवर्क आल्यावर ती एकदाच आणि आपोआप टॅलीत जावी’ या वाक्यावर वाद घालायला जागा राहत नाही. दुसरी खूण व्हेंडरच्या वागण्यात दिसते. फारसे प्रश्न न विचारता ज्याने सगळ्यांत कमी आकडा दिला, त्याला एकतर काम कळलेले नाही किंवा चेंज रिक्वेस्टवर वसुली करायची आहे. तोट्यात गेलेल्या ठोक कामातून अनुभवी माणसे हळूच काढून घेतली जातात आणि आधी कात्री लागते ती चाचणीला.

तासावरच्या करारात दुखणे वेगळे आहे. तिथे नवा प्रश्न निघाला म्हणून कोणी अडवत नाही, पण काम लवकर संपवण्याची घाईही कोणाला नसते. अमेरिकी सरकारच्या खरेदी नियमांत हे सरळ लिहिले आहे. अशा करारात कंत्राटदाराला खर्च आवरण्याचे काही आमिष राहत नाही, म्हणून कामाचा आवाका किंवा मुदत आधी बांधता येत नसेल तेव्हाच तो करायचा, आणि त्यात कमाल रकमेची मर्यादा घालायची. ती मर्यादा ओलांडली तर जोखीम कंत्राटदाराची. सरकारी खात्यासाठी लिहिलेली ही अट आपल्या वितरकालाही तितकीच लागू पडते.

मर्यादा घातली तरी लक्ष ठेवावे लागते, आणि त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. दर पंधरा दिवसांनी तयार झालेला भाग आपल्याच मोबाइलवर, आपल्याच दुकानांच्या नावांनी चालवून पाहायचा. ‘नव्वद टक्के झाले’ हे उत्तर मान्य करायचे नाही. सेल्समनला वापरता आले तर ‘झाले’, नाहीतर ‘नाही झाले’. समजा सहाव्या आठवड्याच्या शेवटी 240 तासांचे बिल झाले आहे. आतापर्यंत पूर्ण झालेल्या भागांना मूळ अंदाजात किती तास धरले होते ते पाहिले, तर भरतात 150. म्हणजे दीडशे तासांच्या कामाला दोनशे चाळीस लागले. हीच चाल राहिली तर 600 तासांचे काम 960 तासांवर जाईल आणि 7 लाख 20 हजारांऐवजी 11 लाख 52 हजार मोजावे लागतील. हे सहाव्या आठवड्यात कळले तर एखादी सोय गाळता येते, व्हेंडरशी बोलता येते. सहाव्या महिन्यात कळले तर फक्त बिल भरता येते.

तासाच्या करारात आणखी एक वाक्य सहसा राहून जाते. व्हेंडरने केलेली चूक दुरुस्त करण्याचे तास कोण भरणार? हे लिहिले नसेल तर चूक करण्याचे पैसे एकदा आणि ती निस्तरण्याचे पैसे पुन्हा, असे दोनदा द्यावे लागतात. म्हणून सुपूर्द केलेल्या भागातले दोष ठरावीक काळ, समजा तीन महिने, विनामूल्य दुरुस्त होतील हे करारात असावे. दराबरोबर काम कोण करणार हेही लिहून घ्यावे. 1,200 रुपये दहा वर्षे अनुभवाच्या माणसाला आणि कालच कॉलेजातून आलेल्याला सारखेच परवडत नाहीत.

मग आपल्या वितरकाने काय करावे? संपूर्ण काम एकाच करारात कोंबू नये. आधी दोन आठवड्यांचे अभ्यासाचे काम ठोक 75 हजारांत द्यावे. व्हेंडरच्या माणसाने एक दिवस सेल्समनबरोबर फिरावे, एक दिवस गोदामात बसावे आणि टॅलीतली यादी उघडून पाहावी. तिथे हमखास एकच दुकान दोन-तीन नावांनी सापडते. या कामातून निघालेला गरजांचा कागद मालकाच्या मालकीचा राहील, तो घेऊन दुसऱ्या व्हेंडरकडेही जाता येईल, हे आधीच ठरवावे.

त्यानंतर कामाचे सरळ दोन भाग पडतात. ऑर्डर घेणे आणि बाकी दाखवणे हे व्हेंडरने दहा ठिकाणी केलेले, नीट लिहिता येणारे काम आहे. त्याचे 300 तास, वर थोडी तजवीज धरून ठोक 4 लाख. पैसे टप्प्याटप्प्याने, पण तारखेवर नव्हे तर चाचणी पास झाल्यावर द्यायचे आणि शेवटचे दहा टक्के तीन महिने वापर झाल्यावर. टॅलीची जोडणी आणि एक्स्पायरीचा परतावा यांत मात्र आत शिरल्याशिवाय काय निघेल ते कळत नाही. ते 300 तास तासावर, म्हणजे अंदाजे 3 लाख 60 हजार, आणि कमाल मर्यादा साडेचार लाख. अंदाजाप्रमाणे झाले तर एकूण 8 लाख 35 हजार लागतील आणि वाईटात वाईट सव्वानऊ लाख. मर्यादेच्या आत काम संपले नाही तर उरलेले व्हेंडरने आपल्या खर्चाने करायचे की मालकाने यादीतली खालची कामे सोडायची, हे सही करतानाच लिहायचे. कापलेल्या स्ट्रिपचा प्रश्न आता पहिल्या दोन आठवड्यांतच निघेल, आणि नंतर निघाला तरी त्यावर भांडण होणार नाही.

या वाटेला एक अट आहे. मालकाकडे आठवड्यातून निदान तीन-चार तास देणारा, धंद्याची खडान्‌खडा माहिती असलेला आणि निर्णय घेण्याची मुभा असलेला माणूस हवा. तो नसेल तर तासावर काम देऊच नये. तेव्हा पंचवीस टक्के जास्त मोजून ठोक करार केलेला बरा, पण कागद मात्र बारकाईने लिहून घ्यावा.

करार कोणताही असो, कॉपीराइटचे कलम तपासल्याशिवाय सही करू नये. बाहेरच्या व्हेंडरने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे हक्क लेखी दिलेले नसतील, तर पूर्ण पैसे भरूनही ते सहसा व्हेंडरकडेच राहतात. लेखी दिले पण मुदत लिहिली नाही, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षेच धरली जाते. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात आहेत ना, ते पाहा आणि मगच पहिला चेक फाडा.