ऑनलाइन दुकान नेमकं कोणाचं? पैसे भरण्याआधी असं तपासा

ईद जवळ आली की मोबाईलवर कपडे, अत्तर, खजूर यांच्या स्वस्त जाहिराती सुरू होतात. दुकानाचं नाव दिसतं, पण पैसे कोणत्या कंपनीकडे जातात हे कळत नाही. ते शोधायला दोन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे वेबसाईटची तळपट्टी. पान अगदी खालपर्यंत सरकवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क देणं बंधनकारक आहे. नुसता ब्रँड आणि व्हॉट्सॲप नंबर असेल तर तिथेच थांबा.

फ्लिपकार्टचं उदाहरण घ्या. खाली ‘फ्लिपकार्ट इंटरनेट प्रायव्हेट लिमिटेड’, बेंगळुरूचा पत्ता आणि हा कंपनी क्रमांक दिसतो:

```
U51109KA2012PTC066107
```

यात KA म्हणजे कर्नाटक, 2012 हे कंपनी नोंदणीचं वर्ष आणि PTC म्हणजे प्रायव्हेट कंपनी. खाली पत्ता मुंबईचा आणि क्रमांकात दुसरंच राज्य असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साईटवर नाव टाकून पाहा.

छोट्या दुकानाचा कंपनी क्रमांक नसेल, पण जीएसटी क्रमांक असू शकतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. सहावं अक्षर P असेल तर धंदा एका व्यक्तीचा, F असेल तर भागीदारीचा, C असेल तर कंपनीचा. जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये हा क्रमांक टाकला की मालकाचं कायदेशीर नाव येतं आणि नोंदणी चालू आहे की रद्द, तेही कळतं. ही पायरी सोडू नका. दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून आपल्या पानावर चिकटवणारे ठग असतात. नाव जुळलं नाही की चोरी उघडी पडते.

दुसरी जागा म्हणजे डोमेनची नोंद. lookup.icann.org वर वेबसाईटचा पत्ता टाका. Registrant Organization समोर बऱ्याचदा नाव झाकलेलं असतं. त्यावरून लगेच फसवणूक समजू नका, २०१८ नंतर हे सर्रास झालं आहे. Registrar म्हणजे फक्त पत्ता विकणारी कंपनी, दुकानाचा मालक नव्हे. कामाची गोष्ट Creation Date. तळाशी ‘१९९८ पासून आपल्या सेवेत’ आणि डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं, तर जपून! मात्र जुनी तारीख ही हमी नाही, कारण जुनी डोमेन विकत मिळतात.

एक लक्षात असू द्या. मोठ्या बाजारपेठेच्या साईटवर तळाचं नाव साईट चालवणाऱ्याचं असतं, माल दुसराच विक्रेता देतो. त्याचं नाव वस्तूच्या पानावर किंवा बिलावर बघा. तळपट्टीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. माल आला नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करताना तेच नाव लागेल. सरळ फसवणूकच झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.