धोत्र्याच्या परागकोशातून

बडनेऱ्याच्या आसपास पडीक जागी धोतरा आपोआप उगवतो. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत आणि माणसं त्याला विष म्हणून ओळखतात. पण नवं वाण लवकर स्थिर करण्याची युक्ती याच कुळातल्या एका झाडाने दाखवली. 1964 साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी धोत्र्याच्या कळ्यांतले परागकोश काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर वाढवत होते. त्यांना पेशींचं विभाजन अभ्यासायचं होतं, वाणाबिणाचा विचार नव्हता. काही आठवड्यांनी परागकोश फुटून त्यातून इवलाले गर्भ डोकावू लागले. ते परागकणांपासूनच तयार होतात, हे दोघांनी 1966 मध्ये दाखवून दिलं. धोत्र्याच्या पेशीत 24 गुणसूत्रं असतात, या रोपांत निम्मी, म्हणजे 12 होती.

याचा बियाण्याशी काय संबंध? दोन वाणांचा संकर केला की पहिली पिढी एकसारखी दिसते, पण दुसरीत सगळं विखुरतं. एक झाड उंच, एक बुटकं, एक लवकर येणारं. धानासारख्या स्वपरागी पिकात ही सरमिसळ दर पिढीला निम्म्याने घटते. दुसऱ्या पिढीत निम्मी, तिसरीत पाव, असं करत सहाव्या पिढीत बत्तिसावा हिस्सा उरतो. वर्षाला एकच खरीप धरला तर संकराच्या हंगामापासून सहाव्या पिढीचं पीक सातव्या खरिपात उभं राहतं.

परागकणात मात्र प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते. त्यापासून रोप उगवलं आणि त्याच प्रतीची दुप्पट झाली, तर दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या. सरमिसळ एका झटक्यात संपते. समजा, पाच वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची पाच चांगली जनुकं एकाच झाडात पक्की हवी आहेत. दुसऱ्या पिढीत असं झाड 1024 मध्ये सरासरी एक सापडेल, परागापासून दुप्पट केलेल्या झाडांत 32 मध्ये एक. माझ्या मते वर्षं वाचण्याइतकाच हा फायदा मोठा आहे, कारण शेत आणि मजूर दोन्ही कमी लागतात.

धानात हे काम कटकच्या राष्ट्रीय संस्थेने वाणापर्यंत नेलं. तिथलं ‘सत्यकृष्णा’ परागकोश संवर्धनातून आलेलं आहे. पद्धत अशी. संकराच्या पहिल्या पिढीचं धान पोटरीत आलं, की लोंबी बाहेर पडण्याआधीच ताटं कापतात. एखादा परागकोश रंगद्रव्यात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. परागकणात एकच केंद्रक हवं. दोन झाली की वेळ गेली, कारण कण आता पराग होण्याच्या वाटेला लागलेला असतो. मग ओल्या कापडात गुंडाळलेल्या लोंब्या आठवडाभर साधारण दहा अंश थंडीत ठेवतात. या धक्क्याने परागकण आपला नेहमीचा मार्ग सोडतो. धानाच्या एका फुलात सहा परागकोश असतात. ते निर्जंतुक चिमट्याने काढून माध्यमावर, अंधारात मांडतात. महिना-दोन महिन्यांत पिवळसर गाठी येतात. त्या दुसऱ्या माध्यमावर, उजेडात गेल्या की कोंब फुटतात.

आणि इथेच रडकुंडीला येण्याची वेळ येते. बरेचसे कोंब दुधासारखे पांढरे निघतात. हरितद्रव्यच नसल्याने ते बाटलीबाहेर जगत नाहीत. आपल्याकडच्या इंडिका धानात गाठी कमी आणि पांढरी रोपं फार, जपोनिका प्रकारात हा त्रास कमी. हिरव्या रोपांतली पुष्कळशी गाठीतच आपोआप दुप्पट झालेली असतात. उरलेली ठेंगणी, अरुंद पानांची राहतात आणि त्यांच्या लोंब्या पळींज निघतात. त्यांना कोल्चिसीन हे औषध देऊन दुप्पट करावं लागतं. एक फसवणूकही असते. परागकोशाच्या भिंतीतून उगवलेलं रोपही छान हिरवं, दाणे भरणारं असतं, पण ते मूळ संकराचीच नक्कल. डीएनए तपासणीत एखाद्या जागी आई-बाप दोघांच्या खुणा दिसल्या, की असं रोप ओळखता येतं.

सगळं जमलं तर सातव्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या खरिपात स्थिर ओळी हाती येतात. पुढच्या चाचण्यांत मात्र सूट नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पावसात वाण काही वर्षं पारखावंच लागतं. स्थिर झालेली ओळ वाईटही असू शकते, आणि बहुतेक असतातच.

बडनेऱ्याचा शेतकरी विचारेल, मग आमच्या सोयाबीनचं काय? सोयाबीन, तूर आणि कपाशी परागकोशाच्या बाबतीत हट्टी आहेत. सोयाबीनच्या परागकोशातून गाठी येतात, पण वाणाच्या कामाला पुरतील इतकी एकगुणित रोपं भरवशाने मिळत नाहीत. तूर तर मधमाश्यांमुळे शेजारच्या झाडाशीही संकरते, त्यामुळे स्थिर ओळ राखायला जाळीही लागते. म्हणून सोयाबीनचा संशोधक दुसरी वाट धरतो. तो प्रत्येक झाडाचं एकेकच बी पुढे नेतो आणि दिवसाचा उजेड-तापमान आवरून वर्षात एकाहून जास्त पिढ्या घेतो. निवड तेव्हा करतच नाही, सरमिसळ घटल्यावर करतो.