दुसरा जनरेटर कोणासाठी?

12 ऑक्टोबर 2020 रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, तर काही ठिकाणी संध्याकाळ उजाडावी लागली. कोविडचे दिवस होते. अतिदक्षता विभाग भरलेले होते आणि शहरातल्या रुग्णालयांचा सारा भरवसा तळमजल्यावरच्या डिझेल जनरेटरवर होता.

मोठ्या रुग्णालयांत असे जनरेटर बहुधा दोन असतात. एक बंद पडला तर दुसरा आहेच, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. दोन्ही जनरेटर एकत्र चालत असताना एकाने दगा दिला की दुसऱ्यावर क्षणात दुप्पट बोजा येतो, आणि अर्ध्या-एक सेकंदात काही भार उतरवला नाही तर तोही पडतो. त्यामुळे रुग्णालय वाचते ते वीज कोणाची आधी तोडायची, हे आधीच ठरवून ठेवलेले असेल तर.

उदाहरणासाठी जिल्ह्याच्या गावातले एखादे दोनशे खाटांचे रुग्णालय घेऊ. तिथे 500 केव्हीएचे दोन जनरेटर आहेत, म्हणजे प्रत्येकी 400 किलोवॉट देऊ शकणारे. भराच्या दुपारी रुग्णालयाला 580 किलोवॉट लागतात. त्यांचे तीन गट पाडलेले आहेत. पहिल्या गटात अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृहे, ऑक्सिजनचा प्रकल्प, नवजात बालकांचा कक्ष आणि आगीच्या वेळचे पंप येतात. त्यांची मागणी 180 किलोवॉट. दुसऱ्या गटात लिफ्ट, प्रयोगशाळा, रक्तपेढीचे फ्रीज, क्ष-किरण विभाग आणि वॉर्डांतले दिवे-पंखे मिळून 160. तिसऱ्या गटात मध्यवर्ती वातानुकूलन, लाँड्री, गिझर आणि कार्यालये मिळून 240. पहिले दोन गट एकत्र केले तर 340 होतात, म्हणजे ते एका जनरेटरला पेलतात. तिन्ही गट चालवायचे तर दोन्ही जनरेटर लागतात. पुढचे सगळे या साध्या बेरजेवर उभे आहे.

महावितरणची वीज गेली की पहिले काम ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विचचे. पॅनलवाले त्याला एटीएस म्हणतात. त्याला एका बाजूने बाहेरची वीज येते, दुसऱ्या बाजूने जनरेटरची, आणि मधे यांत्रिक अडसर असतो. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणे त्या अडसरामुळे शक्यच नसते. हा अडसर अत्यंत गरजेचा आहे. तो नसेल तर जनरेटरची वीज उलट्या दिशेने ट्रान्सफॉर्मरमधून वर चढते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन प्राणाला मुकतो. दुकानात किंवा घरात छोटा जनरेटर थेट सॉकेटला जोडणाऱ्यांनी तर हे कायम लक्षात ठेवावे.

व्होल्टेज नेहमीच्या 85 टक्क्यांच्या खाली गेले तरी एटीएस दोनेक सेकंद थांबतो. दूरवर कुठे फांदी तारेला घासली तरी क्षणभर व्होल्टेज पडते, आणि तेवढ्यासाठी इंजिने सुरू करणे शहाणपणाचे नसते. त्यानंतरही वीज आली नाही तर दोन्ही इंजिनांना एकदमच आदेश जातो. सात-आठ सेकंदांत इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर पोचते आणि 415 व्होल्ट, 50 हर्ट्झची वीज तयार होते. एवढ्या वेळात व्हेंटिलेटर आणि मॉनिटर आपल्या बॅटरीवर किंवा यूपीएसवर चालतात.

आता दोन्ही जनरेटर जवळजवळ एकाच वेळी तयार झाले, तर सामायिक बसबारवर आधी कोणी चढायचे? बसबार रिकामा आहे, त्यामुळे जुळवून घ्यायला समोर काहीच नाही. दोघेही एकदम चढले आणि त्यांच्या विजेच्या लाटा एकमेकींच्या उलट असल्या तर प्रचंड प्रवाह वाहतो. त्या झटक्याने इंजिन आणि अल्टरनेटरमधले कपलिंगसुद्धा तुटू शकते. म्हणून कंट्रोलर एकालाच परवानगी देतो. जो आधी तयार होईल त्याचा ब्रेकर लागतो, दुसऱ्याचा अडवला जातो. उदाहरणात अ हा जनरेटर आधी चढला असे धरू. वीज गेल्यापासून दहा-अकरा सेकंदांत पहिल्या गटाचा एटीएस जनरेटरच्या बाजूला वळतो, आणखी पाचेक सेकंदांनी दुसऱ्या गटाचा.

ब ला मात्र आता चालू बसबारवर चढायचे आहे, म्हणून त्याला अ शी जुळवून घ्यावे लागते. व्होल्टेज सारखे हवे, वेग जवळजवळ सारखा हवा आणि दोन्ही लाटांची शिखरे एकाच क्षणी यायला हवीत. त्यांत दहा अंशांच्या आसपास फरक चालतो, त्याहून जास्त नाही. हल्ली हे काम कंट्रोलर करतो. जुन्या सिंक पॅनलवर मात्र तीन दिवे असत. दोन जनरेटरमधल्या फरकाप्रमाणे ते तिन्ही एकदम उजळत आणि एकदम मंदावत. ऑपरेटर ब्रेकरच्या मुठीवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत उभा राही, आणि तिन्ही पूर्ण विझले की मूठ फिरवी. तेच दिवे एक घातक चूकही उघडी पाडत. केबल दुरुस्तीनंतर दोन फेजची अदलाबदल झालेली असली तर दिवे एकदम न विझता एकामागून एक पेटत जात, जणू उजेड गोल फिरतो आहे. तसे दिसले की ब्रेकर कदापि लावायचा नसे. आजही नव्या जोडणीनंतर फेजचा क्रम तपासल्याशिवाय जाणता तंत्रज्ञ पुढे जात नाही.

ब चढला की गव्हर्नर दोन्ही इंजिनांना मिळणारे डिझेल कमी-जास्त करून भार समान वाटतात. मग तिसरा गट टप्प्याटप्प्याने जोडला जातो, कारण मोठी मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह खेचू शकते. वातानुकूलनाचे सगळे कॉम्प्रेसर एकदम लावले तर तो झटका दोन्ही जनरेटरना सोसवणार नाही. मिनिटभरात 580 किलोवॉट दोघांत वाटले जातात, प्रत्येकावर 290. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काम झाले.

चाळीस मिनिटांनी ब च्या डिझेल फिल्टरमध्ये गाळ अडकतो. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेल्या डिझेलच्या बाबतीत हे नेहमीचेच. इंजिनाला इंधन कमी पडू लागते आणि भार अ कडे सरकतो. ब चा ब्रेकर मात्र अजून लागलेलाच आहे. बैलजोडीतला एक बैल बसला तर दुसऱ्याला गाडीबरोबर त्यालाही ओढावे लागते, तशी अ ची गत होते. रुग्णालयाचे 580 किलोवॉट तर आहेतच, शिवाय ब चे मृत इंजिन फिरवत ठेवायला आणखी तीस-चाळीस. 400 चा जनरेटर 600 च्या वर ओढू शकत नाही. त्याचा वेग पडू लागतो आणि 50 हर्ट्झची फ्रीक्वेन्सी 49, 48 अशी घसरते.

अनेक पॅनलची रचना नेमकी इथे चुकते. भार उतरवण्याचा आदेश त्यांत एकाच गोष्टीवर अवलंबून असतो: ब चा ब्रेकर उघडला की तिसरा गट तोडायचा. पण ब्रेकर उघडणारा उलट-वीज रिले मुद्दाम काही सेकंद थांबतो, कारण दोन जनरेटर जुळताना क्षणभर उलटी वीज वाहणे स्वाभाविक असते. तो सेकंद मोजत असतानाच अ दम तोडतो आणि सगळे रुग्णालय अंधारात जाते, तेही एक जनरेटर पूर्ण ठणठणीत असताना.

म्हणून दुसरा पहारेकरी हवा, तो फ्रीक्वेन्सीचा. ती 48.5 हर्ट्झच्या खाली तीन दशांश सेकंद राहिली तर कोणाचीही वाट न पाहता तिसरा गट तोडायचा. 240 किलोवॉट उतरले की मागणी 340 वर येते आणि अ सावरतो. तेवढ्यानेही फ्रीक्वेन्सी वर आली नाही तर आणखी क्षणभराने दुसरा गट जातो. जनरेटरने स्वतः बंद पडण्याची मर्यादा याच्या बरीच खाली आणि जास्त वेळाची ठेवायची, 46 हर्ट्झ आणि दोन-तीन सेकंद अशी. हा क्रम उलटा लागला तर भार उतरण्याआधी जनरेटरच थांबेल. सेटिंगचे हे आकडे यंत्रागणिक बदलतात, क्रम बदलत नाही. देशाच्या ग्रिडलाही हाच नियम लागू आहे. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर भारत अंधारात गेला, तेव्हा फ्रीक्वेन्सी घसरल्यावर भार तोडणाऱ्या रिलेंकडून अपेक्षित दिलासा मिळाला नाही, असे चौकशी समितीने नोंदवले होते.

आता गटांच्या यादीकडे वळू, कारण ती कागदावर तशीच राहते आणि रुग्णालय बदलत जाते. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्प बसले. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचे काम विजेवाचून अडत नाही. पीएसएचा कॉम्प्रेसर मात्र वीज गेली की त्याच क्षणी थांबतो. तो पहिल्या गटात हवाच. पण तो आला की पहिल्या गटाची बेरीज वाढते, आणि 340 चे 400 होऊन एका जनरेटरची शिल्लक संपते. मग दुसऱ्या गटातले काहीतरी तिसऱ्यात ढकलावे लागते. याउलट एमआरआयचा चिलर यादीत ‘एसी’ म्हणून तिसऱ्या गटात जाऊन बसतो. तो तासन्तास बंद राहिला तर चुंबक थंड ठेवणारा महागडा हेलियम उडून जाऊ शकतो. अशी चूक विद्युत अभियंत्याला एकट्याला दिसत नाही. यादी करताना भूलतज्ज्ञ, परिचारिका प्रमुख आणि क्ष-किरण विभागाचा तंत्रज्ञ समोर बसलेले हवेत.

चाचणीची पद्धतही बहुतेक ठिकाणी फसवी असते. दर आठवड्याला बटण दाबून जनरेटर दहा मिनिटे रिकामा चालवला जातो आणि वहीत ‘ठीक’ अशी नोंद होते. त्यातून बॅटरी आणि स्टार्टर चांगले आहेत एवढेच कळते. उलट वारंवार बिनभाराने चालवल्याने न जळलेले डिझेल एक्झॉस्टमध्ये साचते. सायलेन्सरच्या सांध्यातून काळा तेलकट ओघळ दिसू लागला की ही खोड लागली असे समजावे. अमेरिकेतले एनएफपीए 110 हे मानक महिन्यातून एकदा, किमान 30 टक्के भारावर, अर्धा तास चाचणी सांगते ते याचसाठी.

खरी चाचणी मुख्य वीज तोडूनच होते. पूर्वसूचना देऊन, शस्त्रक्रिया नसलेल्या वेळी, डॉक्टरांना विश्वासात घेऊन ती करावी. दोन्ही जनरेटर भारावर आले की एकाचा ब्रेकर मुद्दाम उघडावा आणि तिसरा गट खरोखर सुटतो का ते पाहावे. वर्षानुवर्षे न हललेला ब्रेकर आदेश येऊनही जागचा हलत नाही, किंवा त्याच्या ट्रिप कॉइलला वीजच पोचत नाही, हे अशाच वेळी उघडकीस येते. फ्रीक्वेन्सीचा रिले चाचणी संचाने वेगळा तपासावा, कारण नुसता ब्रेकर उघडल्याने त्याची परीक्षा होईलच असे नाही.

रुग्णालयाच्या विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत जनरेटर किती केव्हीएचे आहेत हे विचारू नये, ते पाटीवर लिहिलेले असते. भाराची यादी शेवटची कधी बदलली आणि चालत्या भारावर एक जनरेटर मुद्दाम बंद करून शेवटचे कधी पाहिले, या दोन तारखा मागाव्यात. त्या मिळाल्या नाहीत तर चाचणीचा दिवस त्याच बैठकीत ठरवावा.