‘ए’च्या पोटातला ‘अइ’

मराठी वर्तमानपत्रांत ‘कोट्यधीश’ आणि ‘कोट्याधीश’ ही दोन्ही रूपे वाचायला मिळतात. ‘लक्षाधीश’ लिहिताना मात्र कुणी अडखळत नाही. अधीश दोन्हीकडे तोच, मग एका शब्दाला काना हवा आणि दुसऱ्याला नको, असे का? लक्ष या शब्दाच्या शेवटी अ आहे. अधीशच्या सुरुवातीलाही अ आहे. दोन अ भेटले की आ होतो, म्हणून लक्षाधीश. कोटि या शब्दाच्या शेवटी इ आहे. तिच्यापुढे अ आला की इचा य् होतो आणि पुढचा अ जसाच्या तसा राहतो: कोट् + य् + अधीश. दुसरा अ तिथे नाहीच, मग आ कुठून येणार? न्यायाधीश, मठाधीश असे शब्द सतत ऐकलेल्या कानाला तिथेही काना असावा असे वाटते, एवढेच.

‘अत्यधिक’चे ‘अत्याधिक’ होते तेही असेच. तिथे दुसरा शब्द ‘अधिक’ आहे, म्हणून काना नाही. ‘अत्याधुनिक’मध्ये दुसरा शब्द ‘आधुनिक’ आहे, म्हणून काना हवाच. जोडशब्द सोडवून दुसरा शब्द एकटा उच्चारला की उत्तर मिळते. ‘उपरोक्त’ हे रूप आता कचेऱ्यांतल्या पत्रांत रुळले आहे, पण मूळ शब्द उपरि आणि उक्त असे आहेत. इ आणि उ एकत्र आल्याने ओ होत नाही. इचा य् होतो आणि शब्द बनतो ‘उपर्युक्त’.

इ आणि उ मिळून ओ का होत नाही, आणि अ आणि उ मिळून मात्र का होतो? शाळेत याचे उत्तर कोष्टकात मिळते. दीर्घ, गुण, वृद्धी, यण्, अयादी असे कप्पे असतात, प्रत्येकात चार-सहा उदाहरणे असतात आणि परीक्षा झाली की सगळे एकमेकांत मिसळून जाते. खरे तर या कप्प्यांपैकी बहुतेक एकाच गोष्टीवर उभे आहेत. ती गोष्ट अशी, की संस्कृतातले ए, ओ, ऐ, औ हे मुळात एकेकटे स्वर नव्हेत. प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञ त्यांना ‘संध्यक्षरे’ म्हणत, म्हणजे संधीतून झालेली अक्षरे. ए म्हणजे अ + इ, ओ म्हणजे अ + उ. ऐ आणि औ यांत पहिला भाग लांब असतो: आ + इ, आ + उ.

हा नुसता व्याकरणकारांचा तर्क नाही, त्याला मातीच्या विटांवर कोरलेला पुरावा आहे. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा होती. तिथल्या उत्खननात किक्कुली नावाच्या, मितन्नी देशातून आलेल्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ सापडला. रथाचे घोडे कसे तयार करावेत हे सांगणारा हा मजकूर साधारण इ.स.पू. 14व्या शतकातला. भाषा हित्ती आहे, पण घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या हे सांगणारे शब्द संस्कृतच्या सख्ख्या नात्यातले आहेत. पाच फेऱ्यांसाठी ‘पंझवर्तन्न’ आणि एका फेरीसाठी ‘अइकवर्तन्न’. आपला ‘एक’ तिथे ‘अइक’ आहे. इराणातही तेच दिसते. सम्राट झर्क्सिसच्या पर्सेपोलिस इथल्या एका शिलालेखात ‘देव’ हा शब्द ‘दइव’ असा येतो. संस्कृतात मधल्या काळात ‘अइ’ दाटून ‘ए’ झाला, पण संधी करताना भाषा त्याला अजूनही ‘अइ’सारखेच वागवते.

एवढे ध्यानात धरून कोष्टकाकडे पुन्हा पाहावे. गण + ईश म्हणजे अ आणि ई एकत्र, म्हणून गणेश. सूर्य + उदय म्हणजे अ आणि उ एकत्र, म्हणून सूर्योदय. हाच गुणसंधी. इथे ऱ्हस्व-दीर्घ पाहिले जात नाही. महा + ईश यात आ आणि ई दोन्ही दीर्घ असले तरी शब्द होतो महेश, आणि महा + उत्सव यांचा महोत्सव.

मग ऐ कधी होतो? दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला आधीच ए किंवा ऐ असेल तेव्हा. सदा + एव याचे सदैव होते. तोंडपाठ केलेल्या नियमात हे मनमानी वाटते, पण एच्या जागी अइ ठेवला की हिशेब उघडा होतो: आ + अइ. त्यातले आ आणि अ मिळून आ, पुढे इ, म्हणजे आइ, म्हणजेच ऐ. महा + औषध याचे महौषध होते तेही याच वाटेने. याला वृद्धिसंधी म्हणतात. मराठी माणूस आज ‘मैत्री’ आणि ‘औषध’ उच्चारताना मइत्री, अउषध असे म्हणतो. म्हणजे ऐ आणि औ यांच्यातले दोन तुकडे त्याच्या तोंडात अजून शाबूत आहेत, फक्त पहिला आखूड झाला आहे.

ऋ मात्र मराठी कानाला फसवते. आपण ‘ऋषी’चा उच्चार ‘रुषी’ करतो, त्यामुळे महा आणि ऋषि जोडल्यावर ‘महर्षी’तून तो रुकार कुठे गेला असा प्रश्न पडतो. संस्कृतातली ऋ हा र्-चाच स्वर आहे, तिच्यात उ नाही. अ + ऋ म्हणजे अर्. सप्तर्षी, देवर्षी, ब्रह्मर्षी हे सगळे तसेच झालेले. उलट ऋनंतर वेगळा स्वर आला तर ती सरळ र् होते: पितृ + आज्ञा, पित्राज्ञा. इचा य् आणि उचा व् होतो तसेच हे. इति + आदि म्हणजे इत्यादी, सु + आगत म्हणजे स्वागत. इ-अ, इ-अ असे भरभर म्हणून पाहिले की मधला य जिभेवर आपोआप येतो.

आता उरतो अयादी, म्हणजे कोष्टकातला सर्वांत रुक्ष वाटणारा कप्पा. ए, ओ, ऐ, औ यांच्यापुढे स्वर आला की त्यांचे अनुक्रमे अय्, अव्, आय्, आव् होतात. अइपुढे स्वर आल्यावर इचा य् होणार हे आपण वर पाहिलेच, म्हणून अय्. खरे पाहता इथे नवा नियम नाहीच. पण हा कप्पा मराठीतल्या शब्दांची केवढी कुटुंबे उलगडतो, ते पाहण्यासारखे आहे.

‘नी’ हा धातू घेऊ. अर्थ नेणे, वाट दाखवणे. मूळ रूप जसेच्या तसे राहिले की ‘नीती’. गुण होऊन नी-चा ने झाला आणि पुढे व्यंजन आले की ‘नेता’. त्याच ने-पुढे ‘अन’ हा प्रत्यय आला, तर नइ + अन, म्हणजे ‘नयन’, नेणारा तो डोळा. वृद्धी होऊन नै झाला आणि पुढे ‘अक’ आला की नाइ + अक, म्हणजे ‘नायक’. नेता आणि नायक यांच्या रूपांत मराठी माणसाला काहीच साम्य दिसत नाही, पण दोघांच्या मुळाशी एकच नी आहे, आणि विनय, विनायक हेही त्याच घरचे. उकारान्त धातूंचेही असेच. ‘श्रु’पासून श्रुती, श्रोता, श्रवण, श्रावक. ‘स्तु’पासून स्तुती, स्तोत्र, स्तवन. ऋकारान्त ‘कृ’चेही तीन पायऱ्यांवर तीन शब्द मिळतात: कृती, कर्ता, कारक. पाणिनीच्या अष्टाध्यायीची पहिली दोन सूत्रे या पायऱ्यांचीच नावे ठरवतात. पहिले सूत्र आ, ऐ, औ यांना वृद्धी म्हणते, दुसरे अ, ए, ओ यांना गुण. स्वर जोडण्याचे नियम येतात ते थेट सहाव्या अध्यायात.

नियम इतके सरळ असले तरी भाषा काही शब्द आपल्या मर्जीने ठेवते, आणि त्यांतले कितीतरी मराठीत रोजच्या वापरात आहेत. प्र + ऊढ याचे नियमाने ‘प्रोढ’ व्हायला हवे होते, आपण म्हणतो प्रौढ. स्व + ईर याचे ‘स्वेर’ व्हायचे, झाले स्वैर. महाभारतातली अक्षौहिणीही नियमाने ‘अक्षोहिणी’ ठरली असती. पाणिनीनंतर आलेल्या कात्यायनाने आपल्या वार्तिकांत अशा शब्दांची नोंद घेतली. त्याने शब्द बदलायला सांगितले नाही, नियमाला पुरवणी जोडली.

आणखी एक छोटा गट आहे, त्यात दोन स्वरांपैकी पहिला चक्क नाहीसा होतो. खंडोबाच्या नावातला ‘मार्तंड’ या गटातला. मार्त + अंड याचा दीर्घसंधी केला तर ‘मार्तांड’ होईल, पण सूर्याचे नाव म्हणून रूढ झाला तो मार्तंड. याच गटातला ‘सीमंत’ तर अर्थानुसार रूप बदलतो. सीम + अन्त जोडून केसांतला भांग म्हणायचा असेल तर ‘सीमंत’, म्हणून सीमंतिनी आणि सीमंतोन्नयन. हद्दीचा शेवट म्हणायचा असेल तर नेहमीचा दीर्घसंधी, ‘सीमांत’. सीमांत प्रदेश आणि सीमंतिनी यांच्यातल्या त्या एका कान्यावर अर्थाचा सगळा भार आहे.

मराठीने संस्कृतचे जोडलेले शब्द घेतले, पण आपले शब्द जोडताना ती स्वतःच्या चालीने जाते. नाही + असा याचे ‘नाह्यसा’ होत नाही, दुसरा स्वर गळून ‘नाहीसा’ होते. नदी + आत यापासून ‘नद्यात’ नव्हे, ‘नदीत’. एक आणि एक संस्कृतात जोडले तर ‘एकैक’ होते, मराठीत ‘एकेक’. संस्कृत दोन्ही स्वरांना मिसळून तिसरा घडवते, तर मराठी अशा ठिकाणी एकाला ठेवते आणि दुसऱ्याला सोडून देते. म्हणून ‘एकेक’ला अशुद्ध ‘एकैक’ समजून दुरुस्त करायला जाऊ नये. तो शब्द मराठीच्या नियमाने पूर्ण शुद्ध आहे.