एक हुकूम, दोन व्हॉल्व्ह

औषधकारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरला आधी तापवावं लागतं; रसायनं एकदा पेटली की तीच उष्णता सोडतात आणि त्याला थंड करावं लागतं. वाफेचा आणि थंड पाण्याचा असे दोन व्हॉल्व्ह, पण त्यांना चालवणारा कंट्रोलर एकच.

तापमान ६० अंशांवर ठेवायचं आहे, असं समजा. सुरुवातीला कंट्रोलरचा सिग्नल १०० टक्के असतो आणि वाफ पूर्ण सुरू. तापमान चढतं तसा सिग्नल उतरतो. ५० वर दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग ३० वर आला, की पाण्याचा व्हॉल्व्ह ४० टक्के उघडतो. शून्यावर पाणी पूर्ण खुलं. ही दिशा मुद्दाम निवडलेली असते: सिग्नल तुटला तर वाफ बंद होऊन पाणी सुरू व्हायला हवं.

खरी अडचण मधल्या बिंदूवर येते. व्हॉल्व्हचं कॅलिब्रेशन सरकलं, तर तिथे दोन्ही थोडे उघडे राहतात. वाफ आणि पाणी एकमेकांशी झगडतात, इंधन वाया जातं. शिवाय वाफेचा परिणाम बहुधा पाण्यापेक्षा तीव्र असतो. अशा वेळी तिला सिग्नलचा जास्त पट्टा द्यावा, नाहीतर तापमान हेलकावे खातं.

सिग्नल हाताने ५० वर धरा आणि दोन्ही व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद आहेत का, ते जागेवर जाऊन पाहा.